पाडलेल्या इमारतीचं फोटोवरून रंगीत रेंडर

इमारत पाडून टाकलीय, हातात फक्त जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहेत, त्यावरून थ्रीडी मॉडेल उभं करून रंग भरायचे, त्याचं चित्र म्हणजे रेंडर काढायचं आणि कुठलं खात्रीचं, कुठलं अंदाजाचं ते चित्रातच दाखवायचं, असं हे काम आहे. अमेरिकेतल्या बफेलो शहरातली, आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटने डिझाइन केलेली लार्किन कंपनीची ऑफिस बिल्डिंग घ्या, १९०६ ला पूर्ण झाली, १९५० मध्ये पाडली. स्पॅनिश आर्किटेक्ट डेव्हिड रोमेरोने तिचे रंगीत रेंडर केलेत.

आधी मॉडेलमधला कॅमेरा जुन्या फोटोच्या कॅमेऱ्याशी जुळवायचा. इथेच बरेचजण फसतात, कारण सॉफ्टवेअर सहसा धरून चालतं की लेन्सचं केंद्र फोटोच्या बरोबर मधोमध आहे. त्या काळचे फोटोग्राफर उंच इमारतीसाठी कॅमेरा वर न वळवता लेन्सच वर सरकवायचे, शिवाय प्रिंट नंतर कापलेली असायची. उभ्या रेषा अगदी सरळ पण क्षितिज फोटोत खूप खाली दिसलं की समजायचं लेन्स सरकवलीय (किंवा फोटो कापलाय), मग तेवढा शिफ्ट मॉडेलच्या कॅमेऱ्यालाही द्यायचा. नाही दिला तर दर्शनी भिंत फोटोवर छान बसते पण इमारत मागे किती जाते ते चुकतं, आणि ही चूक दुसऱ्या बाजूच्या फोटोवर मॉडेल ठेवल्यावरच कळतं.

रंगाचं तर आणखी अवघड. त्या वेळच्या फोटोच्या प्लेट्सना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही आणि निळा फार जास्त दिसायचा, म्हणून फोटोत लाल वीट काळपट येते आणि निळं आकाश पांढरं. लार्किनची बाहेरची वीट गडद लाल होती आणि मधला मसाला गुलाबी छटेचा, हे आपल्याला लेखी वर्णनावरून कळतं, फोटोतल्या करड्या रंगावरून नाही. आकाश पांढरं दिसलं म्हणून ढगाळ रेंडर करणं ही नेहमीची चूक, आधी सावल्या बघा, कडा धारदार असतील तर ऊन होतं.

आता अंदाज दाखवायचा कसा? माझ्या मते आकार आणि रंग यांना वेगवेगळी खात्री द्यायलाच हवी. लार्किनच्या भिंतीचा आकार फोटोत दिसतो म्हणून पक्का, वीट लाल होती हे लेखी आधारावर, पण नेमकी कुठली लाल छटा हा अंदाजच. कुंपणाचा एक विटांचा खांब जागेवर उरलाय खरा, पण इतकी वर्षं ऊन-पाऊस खाल्लेली वीट १९०६ चा रंग जशाच्या तसा सांगणार नाही.

म्हणून त्याच कॅमेऱ्यातून दुसरं चित्र काढतात, फोटोत दिसतं ते हिरवं, नकाशा किंवा लेखी आधाराचं पिवळं, निव्वळ अंदाज लाल, आणि ते मूळ रेंडरच्या शेजारी एकाच फाइलमध्ये जोडतात, कारण खालची कॅप्शन पहिल्याच फॉरवर्डला गळून पडते.