सेफॉक्सिटिन डिस्क आणि डी-चाचणी

स्टॅफिलोकोकस जातीच्या जीवाणूंमधील दोन प्रकारचा दडलेला प्रतिरोध उघड करण्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत औषध भिनवलेल्या कागदी चकत्यांच्या, म्हणजे डिस्कच्या, या दोन चाचण्या केल्या जातात. पहिलीत सेफॉक्सिटिनची डिस्क वापरून जीवाणू मेथिसिलिनला दाद देत नाही (एमआरएसए) हे ओळखतात. दुसरीत एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या डिस्क शेजारी ठेवून क्लिंडामायसिनविरुद्धचा प्रेरित प्रतिरोध ओळखतात. दोन्हींच्या मुळाशी कल्पना एकच आहे. प्रतिरोधाचे जनुक जीवाणूत असते, पण ते नेहमी जागे नसते. म्हणून त्याला जागे करणारे औषध डिस्कमध्ये ठेवायचे आणि रिपोर्ट दुसऱ्याच औषधाबद्दल द्यायचा.

मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये वापरात आले. त्याला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस ऑरियसचे नमुने इंग्लंडमधून १९६१ मध्येच नोंदवले गेले. आज मेथिसिलिन बाजारात मिळत नाही, नाव मात्र टिकून आहे. प्रतिरोधाचे कारण मेक-ए जनुक. ते पीबीपी-२ए नावाचे प्रथिन तयार करते. पेनिसिलिन वर्गातील औषधे जीवाणूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटून त्यांचे काम थांबवतात, पण पीबीपी-२ए त्यांना नीट चिकटू देत नाही आणि भिंतीचे बांधकाम चालू राहते. म्हणूनच हे जनुक सापडले की पेनिसिलिन, क्लॉक्सासिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट आणि नेहमीची सर्व सेफॅलोस्पोरिन्स त्या जीवाणूसाठी बाद समजतात. सेफ्टारोलिनसारखी एक-दोन औषधेच याला अपवाद आहेत.

पूर्वी ऑक्सासिलिनची डिस्क वापरत, पण तिचा निकाल फसवा निघे. एकाच वसाहतीतून आलेल्या लाखो पेशींपैकी फार थोड्याच पेशी ऑक्सासिलिनपुढे उघडपणे तग धरत. डिस्कभोवती जीवाणू न वाढलेल्या मोकळ्या वर्तुळात, म्हणजे झोनमध्ये, धूसर थर दिसे आणि तो पाहायचा की सोडून द्यायचा यावर वाद होत. सेफॉक्सिटिन मेक-ए जनुकाला ऑक्सासिलिनपेक्षा जास्त जोराने जागे करते, त्यामुळे झोनची कड स्वच्छ येते. यातली गंमत अशी की स्टॅफिलोकोकसच्या रुग्णाला सेफॉक्सिटिन सहसा कोणी देत नाही आणि रिपोर्टमध्येही त्याचे नाव येत नाही. झोन सेफॉक्सिटिनचा मोजायचा आणि लिहायचे ऑक्सासिलिनबद्दल.

पद्धत साधी, पण तिच्या अटी कडक आहेत. शुद्ध कल्चरमधील काही वसाहती सलाइनमध्ये मिसळून त्याचा गढूळपणा मॅकफार्लंड या प्रमाण मापावर ०.५ इतका करतात. १५ मिनिटांच्या आत ते स्वॅबने म्युलर-हिंटन अगारच्या प्लेटवर तीन दिशांनी पसरवतात, मग ३० मायक्रोग्रॅमची सेफॉक्सिटिन डिस्क ठेवतात. प्लेट ३५° से.च्या वर जाता कामा नये, कारण तापमान चढले की काही जातींमध्ये प्रतिरोध कमी दिसतो आणि झोन खोटेच मोठे येतात. इन्क्युबेटर गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. मुंबईच्या मे महिन्यात बंद खोलीत, प्लेटांनी ठासून भरलेल्या इन्क्युबेटरचा काटा सहज ३७° से.पर्यंत जातो. बाहेरच्या डिजिटल आकड्यावर विसंबण्यापेक्षा मधल्या कप्प्यातला थर्मामीटर रोज सकाळी वाचून नोंदवणे बरे.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. फ्रिजमधून काढलेली डिस्कची कुपी लगेच उघडली तर दमट हवा आत शिरून डिस्कवर पाणी साचते. ओलाव्याने सेफॉक्सिटिनसारखे बीटा-लॅक्टम वर्गातले औषध हळूहळू निकामी होते, झोन लहान येऊ लागतात आणि संवेदनशील जीवाणूही एमआरएसए वाटू लागतो. कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी आणि काम झाल्यावर शोषक गोळीसह घट्ट बंद करावी. नियंत्रण म्हणून एटीसीसी या जीवाणू-संग्रहातील २५९२३ क्रमांकाच्या प्रजातीचा झोन २३ ते २९ मि.मी. यायला हवा. तो रोज थोडाथोडा खाली घसरत असेल, तर २३ ओलांडण्याची वाट न पाहता कुपी बदलावी. ही प्रजाती संवेदनशील असल्याने डिस्कची ताकद टिकली की नाही हे सांगते. प्रतिरोध दिसतो का, हे पाहायला मेक-ए असलेली एटीसीसी ४३३००ही लावावी लागते. तिचा झोन २१ मि.मी. किंवा कमी आला पाहिजे.

ऑरियसची प्लेट १६ ते १८ तासांनी वाचतात. काळ्या पृष्ठभागावर प्लेट पालथी धरायची आणि दिव्याचा उजेड वरून पडू द्यायचा. सीएलएसआय या प्रयोगशाळा-मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या निकषांनुसार झोन २१ मि.मी. किंवा कमी असेल तर प्रतिरोधी, २२ किंवा जास्त असेल तर संवेदनशील. मधला वर्ग नाही. रक्तद्रव गोठवणारे कोअॅग्युलेज एन्झाइम न बनवणाऱ्या, म्हणजे कोअॅग्युलेज-निगेटिव्ह, स्टॅफिलोकोकसला मात्र हा आकडा लावायचा नाही. स्टॅ. एपिडर्मिडिस आणि त्याच्या बहुतेक भावंडांसाठी २४ किंवा कमी म्हणजे प्रतिरोधी, २५ किंवा जास्त म्हणजे संवेदनशील, आणि संवेदनशील म्हणायच्या आधी पूर्ण २४ तास थांबायचे. समजा झोन २३ मि.मी. आला. ऑरियस असेल तर क्लॉक्सासिलिन चालेल, एपिडर्मिडिस असेल तर नाही. म्हणून मोजपट्टी हातात घेण्याआधी ट्यूब कोअॅग्युलेजचा निकाल हवा. स्टॅ. लुग्डुनेन्सिस हा कोअॅग्युलेज-निगेटिव्ह असूनही ऑरियसच्या निकषाने वाचतात, आणि तो स्लाइड कोअॅग्युलेज चाचणीत पॉझिटिव्ह येऊन फसवू शकतो. कुत्र्यांकडून येणाऱ्या स्टॅ. स्यूडइंटरमीडियससाठी सेफॉक्सिटिन डिस्क विश्वासार्ह नाही. तिथे ऑक्सासिलिनचीच डिस्क वापरतात.

आता दुसरी चाचणी. एमआरएसएच्या त्वचेवरील गळवाला तोंडावाटे घेण्यासारख्या औषधांत क्लिंडामायसिन मोडते, त्यामुळे डॉक्टरांना ते हवे असते. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन हे दोघेही जीवाणूच्या रायबोसोमवर जवळजवळ एकाच जागी बसतात. एर्म जनुकाने बनवलेले मिथिलेझ एन्झाइम त्या जागेवर मिथिल गट बसवते आणि दोन्ही औषधांना जागा नाकारली जाते. पण अनेक प्रजातींत हे जनुक झोपलेले असते, कारण त्याच्या एमआरएनएची घडी मिटलेली असते आणि मिथिलेझ बनतच नाही. एरिथ्रोमायसिन आले की रायबोसोम घडीच्या तोंडाशी अडकतो, घडी उलगडते आणि मिथिलेझ तयार होऊ लागते. क्लिंडामायसिन ही घडी उलगडू शकत नाही. म्हणून एकट्या क्लिंडामायसिनच्या डिस्कभोवती जीवाणू संवेदनशील दिसतो. रुग्णाच्या शरीरात मात्र ज्यांच्यात ही घडी कायमची उघडी राहते असे उत्परिवर्ती जीवाणू मागे उरतात आणि औषध चालू असतानाच गळू पुन्हा फुगते.

डी-चाचणीत १५ मायक्रोग्रॅमची एरिथ्रोमायसिन डिस्क आणि २ मायक्रोग्रॅमची क्लिंडामायसिन डिस्क एकाच प्लेटवर शेजारी ठेवतात. त्यांच्या कडांमधले अंतर १५ ते २६ मि.मी. हवे. जास्त लांब ठेवल्यास एरिथ्रोमायसिनचा प्रभाव क्लिंडामायसिनच्या झोनपर्यंत पोहोचत नाही आणि चाचणी चुकून निगेटिव्ह येते. डिस्क-डिस्पेन्सरमध्ये किंवा तयार मल्टिडिस्क रिंगमध्ये हे दोघे शेजारी नसतात असे बरेचदा होते. तेव्हा चिमट्याने हाताने ठेवणे हाच उपाय. ही चाचणी एरिथ्रोमायसिनला संवेदनशील नसलेल्या आणि क्लिंडामायसिनला दाद देणाऱ्या जीवाणूंवरच अर्थपूर्ण ठरते.

एक उदाहरण पाहू. परळमधल्या एखाद्या प्रयोगशाळेत मांडीवरील गळवाचा पू आला आहे. ग्रॅम रंगाने झुबक्यांत गोल जीवाणू दिसतात आणि ट्यूब कोअॅग्युलेज पॉझिटिव्ह येते. प्लेटवर सेफॉक्सिटिनचा झोन १४ मि.मी. आहे, म्हणजे एमआरएसए. एरिथ्रोमायसिनभोवती झोनच नाही, आकडा डिस्कचाच ६ मि.मी. क्लिंडामायसिनचा झोन लांबच्या बाजूने मोजला तर २६ मि.मी., निकषाच्या २१ पेक्षा बराच जास्त. पण दोन डिस्कांमध्ये २० मि.मी. अंतर आहे आणि एरिथ्रोमायसिनकडची बाजू सरळ कापल्यासारखी सपाट झाली आहे. झोन इंग्रजी ‘डी’सारखा दिसतो. फक्त २६ हा आकडा लिहून मोकळे झालेल्या टेक्निशियनच्या रिपोर्टमध्ये ‘क्लिंडामायसिन: संवेदनशील’ येईल, तेही मोजमापात एका मि.मी.चीही चूक न करता. योग्य रिपोर्ट असा: क्लिंडामायसिन प्रतिरोधी, प्रेरित प्रतिरोधामुळे. मग डॉक्टर को-ट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन किंवा लिनेझोलिडचा निकाल पाहतात. गळू नीट फोडून पू काढणे हा उपचाराचा पहिला भाग आहेच.

हीच प्लेट इतर तीन प्रकारेही दिसू शकते. क्लिंडामायसिनचा झोन दोन्ही बाजूंनी पूर्ण गोल असेल आणि एरिथ्रोमायसिन निष्प्रभ असेल, तर बहुधा एमएसआर-ए जनुकाचा पंप एरिथ्रोमायसिन बाहेर फेकतो आहे. क्लिंडामायसिनला तो हात लावत नाही, त्यामुळे औषध वापरता येते. दोन्ही डिस्कभोवती वाढ असेल तर एर्म कायमचे जागे आहे आणि ‘डी’ शोधण्याची गरजच नाही. तिसरा प्रकार निसटण्यासारखा आहे: सपाटपणा अगदी थोडा, पण झोनच्या आत धुरकट वाढ किंवा बारीक वसाहती. त्यांनाही प्रतिरोधीच म्हणायचे, मात्र आधी कल्चर मिश्र तर नाही ना हे पुन्हा पाहायचे. कडा सपाट आहे की नुसती वाटते, हे ठरवायचे तर प्लेट सावकाश फिरवून दुसऱ्या बाजूच्या वक्रतेशी तिची तुलना करावी. शेजारच्या तिसऱ्या डिस्कच्या झोनमुळेही कड दबल्यासारखी दिसते, म्हणून प्लेटवर गर्दी नको. नियंत्रणासाठी एटीसीसी बीएए-९७७ पॉझिटिव्ह आणि बीएए-९७६ निगेटिव्ह अशा दोन प्रजाती वापरतात.

दोन्ही चाचण्यांच्या मर्यादा आहेत. पेनिसिलिन तोडणारे पेनिसिलिनेझ एन्झाइम प्रचंड प्रमाणात बनवणारे, मेक-ए नसलेले ऑरियस सेफॉक्सिटिनला संवेदनशील दिसते आणि ऑक्सासिलिनला सीमेवर अडते. अशा वेळी मेक-ए जनुक पीसीआरने तपासावे लागते. २०११ मध्ये वर्णन झालेले मेक-सी जनुक मात्र सेफॉक्सिटिन डिस्कच्या हाती सहसा लागते, तर पीबीपी-२एची लेटेक्स चाचणी त्याला हमखास चुकवू शकते. डी-चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे क्लिंडामायसिन प्रत्येक रुग्णात फसेलच असेही नाही. काही जण त्यावर बरे झालेले आहेत. म्हणून रुग्ण आधीच क्लिंडामायसिनवर असून ताप उतरलेला आणि गळू ओसरत असेल, तर डॉक्टर औषध बदलण्याचा निर्णय रिपोर्टसोबत रुग्णाकडे पाहूनही घेतात. सुधारणा थांबली असेल, तर नवा पू पाठवून दोन्ही चाचण्या पुन्हा करतात. या वेळी क्लिंडामायसिनभोवती झोन उरलेलाच नसतो, असेही आढळते.