कुत्र्याच्या अंगावरचे पॅटर्न फोटोवरून ओळखणं (ब्रिंडल, मर्ल, सेबल, पायबाल्ड)

कुत्र्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच असतात, एक काळं आणि एक तांबूस-पिवळं. काळ्याचं कधी चॉकलेटी होतं, तांबूस कधी फिकट होत क्रीमपर्यंत जातं, पण मूळ माल एवढाच. पांढरा हा रंग नाहीच, तिथे रंगद्रव्य पोचलेलंच नसतं. ब्रिंडल, मर्ल, सेबल आणि पायबाल्ड ही या दोन रंगांची मांडणी कशी झालीय त्याची नावं आहेत, जातीची नाहीत. ॲडॉप्शनच्या पोस्टवर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, अंगावर पट्टे दिसले की बॉक्सर मिक्स आणि राखाडी ठिपके दिसले की ऑस्ट्रेलियन शेफर्ड मिक्स असं लोक बिनधास्त लिहून मोकळे होतात.

ब्रिंडल म्हणजे तांबूस अंगावर काळे पट्टे, पाठीच्या कण्यापासून फासळ्यांवरून खाली उतरणारे, थोडे तुटक आणि वाकडेतिकडे. आपल्या गावठी कुत्र्यांमध्येही हा पॅटर्न असतो आणि असल्या पिल्लाचं नाव हमखास वाघ्या पडतं. पट्टे फक्त तांबूस भागावरच उमटतात. म्हणून काळ्या अंगाच्या आणि तांबूस पायांच्या कुत्र्यात ते नुसते पायांवर, गालांवर आणि भुवयांवर दिसतात, बाकी अंग काळंच. पट्टे खूप दाट असले तर मोबाईलच्या फोटोत कुत्रा सरळ काळा वाटतो, मग मांडीच्या मागच्या बाजूचा उन्हातला फोटो मागवायचा, तिथे तांबूस रेघा सापडतात.

सेबलमध्ये तांबूस केसाचं फक्त टोक काळं असतं. लांबून पाठीवर काळसर सावली पडल्यासारखं दिसतं आणि फोटोत ते ब्रिंडल वाटू शकतं. फरक कळायला बोटांनी केस फाकवून जवळून फोटो काढायचा: मुळाशी फिकट आणि टोकाला काळा असा एकेक केस दिसला तर सेबल, पट्ट्यातला केस जवळजवळ पूर्ण काळा आणि शेजारचा पूर्ण तांबूस असेल तर ब्रिंडल. सेबल पिल्लं जन्मताना बरीच गडद असतात आणि वाढताना उजळत जातात, त्यामुळे दीड महिन्याच्या पिल्लाचा फोटो बघून मोठेपणीचा रंग सांगू नये.

पायबाल्ड म्हणजे आपला कबरा किंवा बांडा. गर्भात रंग तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून हळूहळू अंगभर पसरतात, त्या कमी पडल्या की जी टोकं सगळ्यात लांब ती कोरी राहतात, म्हणून पांढरं पंजे, छाती, शेपटीचं टोक आणि तोंड इथे आधी दिसतं. पांढऱ्या केसाखालची कातडी बहुतेक गुलाबी असते आणि डागाची कड बऱ्यापैकी स्वच्छ असते.

मर्लचं सगळं वेगळं. हे जनुक काळं रंगद्रव्य जागोजागी पातळ करतं, म्हणजे काळ्या अंगाचं राखाडी होतं आणि त्यात मूळ काळ्याचे फाटक्या कडांचे तुकडे उरतात. तांबूस रंगाला ते हात लावत नाही, त्यामुळे पूर्ण तांबूस किंवा क्रीम कुत्रा मर्ल असला तरी अंगावर काहीच दिसत नाही, आणि सेबल मर्ल मोठेपणी इतका साधा दिसू शकतो की मालकालाही पत्ता नसतो. हे माहीत असणं फार गरजेचं आहे, कारण दोन मर्ल एकत्र आले की सरासरी चारातल्या एका पिल्लाला दोन्हीकडून मर्लचं जनुक मिळतं. असल्या दुहेरी मर्ल पिल्लात पांढरं खूप जास्त असतं, डोळे लहान किंवा बिघडलेले असू शकतात, आणि एका अभ्यासात साधारण चारातलं एक एका किंवा दोन्ही कानांनी बहिरं निघालं होतं. निळे डोळे फोटोत गोड दिसतात म्हणून मुद्दाम अशी वीण करणं मला अजिबात पटत नाही.

आता एक उदाहरण नीट बघू. समजा तीन महिन्यांच्या रस्त्यावरच्या पिल्लाचा फोटो आलाय, खाली लिहिलंय ‘ब्लू मर्ल मिक्स’. अंग राखाडी-निळसर, त्यावर काळे डाग, डोक्यावर काळा ठिगळ, डोळे तपकिरी. पहिल्या नजरेत मर्लच वाटेल. पण एवढ्यावर थांबायचं नाही, राखाडी भागाचा जवळून फोटो मागायचा. मर्लमध्ये तो केसच राखाडी असतो, आणि इथे झूम केल्यावर पांढरे केस वेगळे, काळे केस वेगळे, नुसते एकमेकांत मिसळलेले दिसतात. म्हणजे हे रोन, पायबाल्डच्या पांढऱ्यात नंतर उगवलेले काळे केस. दुसरी खूण म्हणजे जुना फोटो: मर्ल जन्मापासून दिसतो, रोन आणि ठिपके काही आठवड्यांनी येतात, डाल्मेशियनची पिल्लंसुद्धा पांढरीच जन्मतात. या पिल्लाचा पंधरा दिवसांचा असतानाचा फोटो मिळाला आणि त्यात ते डोक्यावरच्या काळ्या ठिगळाशिवाय पांढरं असेल तर उत्तर मिळालं: पायबाल्ड आणि रोन. निळे डोळे असते तरी तेवढ्यावर मर्ल ठरलं नसतं, ते हस्कीत आणि जास्त पांढऱ्या कुत्र्यातही येतात.

फोटोनेच फसवू नये म्हणून दिवसा सावलीत, फिल्टर न लावता, कोरड्या अंगाचा एक बाजूचा, एक नाकडोळ्यांचा आणि एक केस फाकवलेला असे तीन फोटो बास होतात. ट्यूबलाइटखाली काळा निळसर येतो आणि ओला सेबल काळा दिसतो. एवढं करूनही छुपा मर्ल फोटोत सापडत नाही, तिथे डीएनए टेस्टच लागते.

पॅटर्नवरून जात मात्र ठरत नाही. ब्रिंडल कितीतरी जातींत आहे, काळ्या कुत्र्यात तो लपून राहतो आणि पुढच्या पिढीत बाहेर येतो, त्यामुळे काळ्या आईला पट्टेरी पिल्लं झाली म्हणून बाप बॉक्सरच असं म्हणता येत नाही. पांढऱ्यावरून मात्र एक गोष्ट तपासावीशी वाटली पाहिजे, ती म्हणजे ऐकू येतं का. आतल्या कानाला त्याच रंगपेशी लागतात, त्या तिथे नसल्या की जन्मानंतर काही आठवड्यांत कान जातो, अमेरिकेतल्या डाल्मेशियनमध्ये सुमारे 30 टक्के कुत्री एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी आढळलीयत. वरच्या पिल्लाचे दोन्ही कान पांढरे असतील तर ते झोपलेलं असताना मागून, जमीन न हलवता आणि वारा न लागू देता किल्ल्या वाजवून बघा. दोन्ही कान गेलेले असतील तर ते उठणार नाही, पण एकच कान गेलेला असेल तर ते उठतं आणि आवाज आला कुठून ते शोधत भलतीकडे बघतं, तेव्हा नक्की काय ते बीएईआर नावाच्या तपासणीतच कळतं, ज्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून एकेका कानाचा प्रतिसाद मोजतात.