भिशीच्या वहीत लपलेला व्याजदर

मावशीने भिशीच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "शेवटी उचलणाऱ्याला अकरा टक्के सुटतात म्हणे. खरं का?" पानावर दहा महिने आणि त्यांच्यापुढे हप्ते, एवढंच होतं. कुणाला किती मिळाले, ते कुठेच नव्हतं. पण ते शोधून काढता येतं.

ही लिलावाची भिशी आहे. माणसं दहा, ठरलेला हप्ता ५,००० रुपये, म्हणजे पूर्ण भिशी ५०,००० ची. ज्याला नड असते तो बोली लावून त्यातले काही सोडतो आणि सोडलेली रक्कम दहाही जणांच्या हप्त्यातून सारखी वजा होते. म्हणून वहीतला हप्ता गुणिले दहा केलं की त्या महिन्याची उचल मिळते.

फोटो वाचताना मात्र पहिल्याच ओळीला अडलो. ४,१०० की ४,९००? घाईत लिहिलेले १ आणि ९ फार सारखे दिसतात. पानाच्या तळाशी बेरीज होती ४५,१००. मी ४,९०० धरून बेरीज केली तर ती ४५,९०० आली. फरक नेमका ८०० चा, म्हणजे शतकाच्या घरात कुठेतरी १ चा ९ वाचला गेलाय. मग हप्ते असे लागले: ४,१००, ४,२००, ४,२५०, ४,३५०, ४,४५०, ४,५००, ४,६००, ४,७५०, ४,९०० आणि शेवटी पूर्ण ५,०००.

आता पहिल्याची उचल ४१,००० आणि शेवटच्याची ५०,०००. भरले मात्र प्रत्येकाने ४५,१०० च. म्हणजे पहिल्याला ४,१०० चा तोटा, शेवटच्याला ४,९०० चा फायदा. दहा जणांचे फायदे-तोटे एकत्र केले की शून्य यायला हवं, आणि इथे येतं. ते आलं नसतं, तर आकडा वाचण्यात किंवा बेरजेत कुठेतरी चूक झाली असती. भिशी चालवणाऱ्याने कमिशन काढून घेतलं असेल तर ते मात्र यात दिसत नाही, कारण उचल आपण हप्त्यांवरूनच काढली.

मावशीचे अकरा टक्के कुठून आले ते यातच दिसतं: ४,९०० भागिले ४५,१००. पण शेवटच्याचे सगळे पैसे दहा महिने अडकलेले नव्हते. पहिला हप्ता नऊ महिने अडकला, नववा फक्त एक महिना, आणि दहावा तर त्याच दिवशी परत मिळाला. म्हणून मोजायचं ते रुपये-महिन्यांत: एक रुपया एक महिना अडकला की एक रुपया-महिना. पूर्वीच्या वह्यांतलं कटमितीचं व्याज याच तत्त्वावर निघायचं, आणि मला ही रीत अतिशय आवडते, कारण तिला कॅल्क्युलेटरवरची बेरीज पुरते. दर महिन्याच्या शेवटी एकूण किती अडकलेत ते लिहायचं: ४,१००, ८,३००, १२,५५० असं करत नवव्या महिन्याला ४०,१००. या नऊ आकड्यांची बेरीज १,९४,८००. फायदा ४,९०० भागिले १,९४,८०० म्हणजे महिना अडीच टक्के. चक्रवाढीने नेमका दर काढला तर थोडा कमी, सुमारे २.४ टक्के. वर्षाचा हिशेब अकराच्या दुपटीहून जास्त जातो.

पहिल्याचं उलटं. त्याच्या हाती दुसऱ्यांचे ३६,९०० आले आणि दर महिन्याला कमी होत गेले. तीच बेरीज १,७४,२०० येते, आणि ४,१०० त्याचं व्याज: महिना सुमारे २.३५ टक्के, चक्रवाढीने २.१. त्याने घेतलं ते कर्जच.

खरी गंमत सहाव्यात आहे. त्याची उचल ४५,०००, तोटा अवघा शंभर रुपये. वाटतं, बिनव्याजी पैसे वापरले. पण पहिले पाच महिने त्याचे ६३,२०० रुपये-महिने अडकले होते, आणि उचलल्यानंतर त्याने दुसऱ्यांचे वापरले फक्त ४८,४००. म्हणजे एकूण पाहता त्यानेच उसने दिले आणि वर शंभर रुपयेही भरले! त्याने बोलीत ५,००० सोडले, ते जरा जास्तच झाले. अशा मधल्या माणसाचा एकच व्याजदर सांगूही नये. तो आधी सावकार आणि नंतर कर्जदार असतो, पैशाची दिशा दोनदा बदलते, आणि अशा वेळी चक्रवाढीच्या समीकरणाला दोन उत्तरं निघू शकतात. एक्सेलमधलं `IRR` त्यातलं एकच दाखवतं, आणि कोणतं ते आपण दिलेल्या सुरुवातीच्या अंदाजावरही ठरू शकतं. मधल्यांसाठी दोन बेरजा शेजारी ठेवून पाहणं जास्त प्रामाणिक.

"शेवटचा नंबर शुभ, त्याला बरकत असते" असंही मावशीच्या गटात बोललं जातं. बरकत वगैरे काही नाही. ते ४,९०० पहिल्या सहा जणांनी सोसलेल्या तोट्यातूनच आलेत. आणि ते हाती पडतात ते आधी उचललेल्या नऊही जणांनी शेवटपर्यंत हप्ते भरले तरच. सातव्याने उचलून आठव्या महिन्यापासून हप्ते थांबवले, तर शेवटच्याच्या उचलीतून पाच हजार कमी होतात आणि ४,९०० च्या फायद्याचा शंभराचा तोटा होतो.