पाल रोज दिसते, तरी भीती का जात नाही?

“रोज समोर आली की सवय होते,” असं पालीला घाबरणाऱ्या माणसाला घरातले सगळे ऐकवतात. पण वीस-वीस वर्षं ट्यूबलाइटमागच्या पालीसोबत एकाच स्वयंपाकघरात काढूनही ज्यांची भीती तसूभर कमी झालेली नाही, अशी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतात. मानसोपचारातही शेवटी पालीसमोरच उभं करतात. म्हणून अनेकांना दोन्ही एकच वाटतं.

पाल दोन्हीकडे तीच असते. ती दिसल्यावर माणूस काय करतो, तिथे वाट वेगळी होते. समजा, एका बाईंना ही भीती आहे. रात्री स्वयंपाकघरात जाण्याआधी त्या दाराबाहेरूनच दिवा लावतात, पाय आपटतात, नवऱ्याला “बघ रे, आहे का?” म्हणून पुढे पाठवतात. खिडकीत अंड्याची टरफलं ठेवलेली असतात. पाल दिसली की गॅस बंद करून बाहेर. बाहेर आल्यावर जीव भांड्यात पडतो आणि तिथेच घोटाळा होतो. मेंदू हिशोब मांडतो: पळाले म्हणून वाचले. थांबले असते तर काय झालं असतं, हे त्यांना कधी कळतच नाही. ही झाली रोजची गाठभेट.

उपचारात सामना असतोच, पण त्यासोबत हे सगळे बचाव बंद करायचे असतात. याला ‘एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ म्हणतात. मूळ पद्धत ओसीडीसाठीची, म्हणजे नकोसे विचार छळतात आणि तेच ते विधी पुन्हा पुन्हा करावेसे वाटतात त्या आजारासाठीची: 1966 मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी रुग्णांना भीतीच्या गोष्टीसमोर आणलं आणि धुण्यापुसण्यासारखे विधी करू दिले नाहीत. फोबियात विधींच्या जागी पळणं, टाळणं आणि हे छोटे आधार असतात.

सुरुवात कागदावर होते. ‘भीती वाटते’ एवढं लिहून भागत नाही. नेमकं काय होईल ते लिहायचं. या बाई लिहितात, “मी खाली उभी राहिले तर पाल अंगावर पडेल आणि मला चक्कर येईल.” (पंचांगातलं पल्लीपतनाचं पान अशा भाकितांना खतपाणीच घालतं.) दुसऱ्या कागदावर आधारांची यादी: टॉर्च, पाय आपटणं, नवरा, टरफलं, मनातल्या मनात केलेला जप.

मग पायऱ्या. भीतीला शून्य ते शंभरपैकी गुण द्यायचे. फोनवरचा फोटो तीस, व्हिडिओ पंचेचाळीस, हॉलच्या टोकाला बसून भिंतीवरच्या पालीकडे बघणं साठ, ओट्याशी पाल असताना भाजी चिरणं पंच्याऐंशी. सुरुवात मधल्या पायरीपासून केली तरी चालते.

हॉलची पायरी घेऊ. बाई आधी लिहितात: “वीस मिनिटांत ती माझ्याकडे धावत येईल.” खुर्चीवर बसतात, नजर पालीवर, फोन दुसऱ्या खोलीत, नवरा बाहेर. छाती धडधडते, धडधडू द्यायची, मोठे श्वास घेऊन ती दाबायची नाही. वीस मिनिटांनी दुसरी ओळ: “ती एक किडा खाऊन फ्रेमच्या मागे गेली.” भीती तेव्हा साठवरून पंचावन्नवर आली असेल, तरीही बैठक वाया गेलेली नाही. पूर्वी भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबा म्हणत; आता अनेक तज्ज्ञ भाकीत खोटं ठरलं का, याला जास्त महत्त्व देतात. पुढच्या वेळी वेळ, खोली, पाल बदलायची, नाहीतर भीती फक्त हॉलपुरती जाते आणि गावच्या घरी परत उभी राहते.

सगळ्यात जास्त गाडं अडतं ते लपलेल्या आधारांपाशी. बाई बसतात खऱ्या, पण पाय खुर्चीवर घेऊन, किंवा नवऱ्याला दर दोन मिनिटांनी “ती पडणार नाही ना?” विचारत. हे ओळखायला मला एक प्रश्न पुरेसा वाटतो: काही झालं नाही, ते कशामुळे? उत्तर “तू होतास म्हणून” किंवा “नशीब!” असं आलं, तर ती रोजचीच गाठभेट होती. “ती येतच नाही माणसाकडे,” असं आलं, तर उपचार चालू आहे. घरच्यांनीही इथे जपायला हवं. प्रेमापोटी दिलेला प्रत्येक दिलासा आधारांच्या यादीत भर घालतो. आणि गंमत म्हणून पाल अंगावर टाकणं हा उपचार नव्हे, कारण पुढची पायरी घाबरणाऱ्यानेच ठरवायची असते.

घरातली पाल विषारी नसते, म्हणून हे जमतं. जिथे धोका खरा आहे, उदाहरणार्थ अनोळखी साप, तिथे प्रत्यक्ष सामना करायचा नाही. रक्त किंवा सुई बघून खरोखर बेशुद्ध पडणाऱ्यांची गोष्टही वेगळी: त्यांचा रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून त्यांना आधी हातापायांचे स्नायू ताणून रक्तदाब टिकवायला शिकवतात आणि मगच सुईसमोर बसवतात. ते मानसोपचारतज्ज्ञाकडूनच शिकावं, आणि हृदयविकार असेल तर घरची यादी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.