पॅप नॉर्मल, तरी पुन्हा बोलावलं कशाला?

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या एक वहिनी दोन रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये आल्या. वय ४२, तक्रार काहीच नाही. नणंदेनं फारच आग्रह धरला म्हणून तपासणी करून घेतली होती. एका कागदावर ‘पॅप स्मिअर : नॉर्मल’ आणि दुसऱ्यावर ‘एचपीव्ही १६ : पॉझिटिव्ह’. “डॉक्टर, यातलं खरं कोणतं मानू?” त्यांनी विचारलं. खरे दोन्ही होते. पॅपमध्ये आम्ही गर्भाशयाच्या मुखावरून खरवडून आणलेल्या पेशींचं रूप पाहतो. एचपीव्ही तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची जनुकं आहेत का, एवढंच पाहते. पेशी बिघडण्याच्या बऱ्याच आधीपासून विषाणू तिथं असू शकतो. शिवाय बिघडलेला भाग लहान असला की ब्रश नेमका त्याच्या शेजारून फिरतो आणि पॅप नॉर्मल येते.

गर्भाशयाच्या मुखाशी दोन अस्तरं भेटतात. आतलं एका थराचं नाजूक, बाहेरचं अनेक थरांचं जाड. वयात आल्यापासून या सीमेवरचं नाजूक अस्तर हळूहळू जाड होत जातं. हा कर्करोग बहुतेक वेळा याच पट्ट्यात सुरू होतो.

जाड अस्तरात फक्त तळाच्या पेशी विभागतात. त्यांच्या लेकी वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. एचपीव्ही शरीरसंबंधातून येतो आणि बारीकशा ओरखड्यातून तळाच्या पेशीत शिरतो. त्याला स्वतःच्या प्रती काढायला पेशीची यंत्रणा लागते, पण वर सरकलेल्या पेशीनं ती बंद केलेली असते. मग त्याचं ई-७ नावाचं प्रथिन पेशीचं कुलूप उघडतं आणि विभागणीची यंत्रणा चालू होते. अवेळी चालू झालेलं हे काम पी-५३ हा पेशीचा राखणदार ओळखतो. एरवी तो अशा पेशीला मरायला लावतो. म्हणून विषाणूचं ई-६ हे दुसरं प्रथिन त्या राखणदारालाच नष्ट करवतं.

हे सगळं वरच्या थरात घडतं तोवर फारसं बिघडत नाही, कारण त्या पेशी गळूनच जाणार असतात. बहुतेक जणींमध्ये दोनेक वर्षांत प्रतिकारशक्ती विषाणूला आवरते. काहींमध्ये मात्र तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि ही दोन प्रथिनं तळाच्या, विभागणाऱ्या पेशींतही बनू लागतात. राखणदार नाही आणि विभागणी चालूच, त्यामुळे जनुकांतल्या चुका साचत जातात. कधी विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या डीएनएत घुसतो, तेव्हा या प्रथिनांना लगाम घालणारं त्याचं जनुकच मोडू शकतं. अशा पेशीतून नवे विषाणू बाहेर पडत नाहीत. कर्करोगात विषाणूचा काहीच फायदा नाही, हे मला आजही विलक्षण वाटतं.

संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. एचआयव्हीवर उपचार नसतील तर हा काळ बराच कमी होतो. तपासणीला एवढा अवधी मिळतो, तो या संथ गतीमुळे.

वहिनींची कोल्पोस्कोपी झाली, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहिलं. त्यावर ५ टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावून मिनिटभर वाट पाहिली. बिघडलेल्या पेशींची केंद्रकं मोठी आणि दाट असतात, म्हणून तो भाग तात्पुरता पांढरा होतो. सीमेला लागून ठळक कडांचा एक डाग उमटला. त्याचा तुकडा माझ्याकडे आला. तळापासून वरपर्यंत कच्च्या, गर्दी केलेल्या पेशी होत्या, पण खालचा पडदा कुठेही भेदलेला नव्हता. हा सीआयएन ३, म्हणजे कर्करोगाच्या आधीची पायरी. पडदा भेदला गेला असता तर त्याला कर्करोग म्हणावं लागलं असतं. सीआयएन ३ तसाच सोडला तर ३० वर्षांत साधारण तिघींपैकी एकीला कर्करोग होतो, आणि कोणत्या एकीला ते आधी सांगता येत नाही. म्हणून तो काढतात. वहिनींचा तो भाग सुन्न करून तारेच्या तापत्या कड्यानं काढला. त्या त्याच दिवशी घरी गेल्या.

आपल्याकडची मोठी चाचणी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली, त्यात या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले. साधारण तेवढ्याच मोठ्या, नेहमीच्या सोयींवर असलेल्या गटात ६४.

वहिनींनी शेवटी हळूच विचारलं, “हे यांच्याकडून आलं असेल का? कधी?” ते कोणत्याही तपासणीतून कळत नाही. विषाणू कित्येक वर्षं दबून राहू शकतो, म्हणून आजच्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून आजच्या नात्यावर संशय घेण्यात अर्थ नाही. मी त्यांना हे दोनदा सांगितलं. सहा महिन्यांनी त्यांचा एचपीव्ही निगेटिव्ह आला. तरी पुढची तारीख मी लिहून दिली, कारण सीआयएन ३ होऊन गेलेल्या बाईला पुढची निदान २५ वर्षं इतरांपेक्षा जास्त धोका राहतो.