ग्रंथिज्वर

ग्रंथिज्वर हा एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूमुळे होणारा आजार आहे. घसा दुखणे, ताप, मानेतल्या गाठी सुजणे आणि अतिशय थकवा येणे ही त्याची मुख्य लक्षणे होत. वैद्यकात त्याला इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस म्हणतात, तर रुग्णालयातल्या रोजच्या बोलण्यात नुसते 'मोनो'. तो प्रामुख्याने १५ ते २४ या वयात दिसतो. घसादुखी आठवडा उलटला तरी कमी होत नाही आणि थकवा ताप गेल्यावरही रेंगाळतो, म्हणून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्याची ओळख वेळेवर पटणे महत्त्वाचे ठरते. ही ओळख कोणत्याही एका लक्षणावर किंवा एका तपासणीवर होत नाही. आजाराच्या कितव्या दिवशी काय दिसले आणि तपासणी कितव्या दिवशी झाली, हे समजल्याशिवाय अहवालाचा अर्थ लावता येत नाही.

जर्मन वैद्य एमिल फायफर यांनी १८८९ मध्ये या आजाराचे वर्णन ग्रंथींचा ज्वर या अर्थाच्या नावाने केले. विषाणू सापडायला त्यानंतर बराच काळ जावा लागला. १९६४ मध्ये अँथनी एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांना तो आफ्रिकेतल्या मुलांना होणाऱ्या बर्किट लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशींत दिसला. त्याचा ग्रंथिज्वराशी असलेला संबंध फिलाडेल्फियात वेर्नर आणि गेरट्रूड हेन्ले यांच्या प्रयोगशाळेत उघड झाला. तिथल्या एका तंत्रज्ञ तरुणीच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडे पूर्वी नव्हती. तिला ग्रंथिज्वर झाला आणि त्यानंतरच्या तपासणीत ती आढळली. १९६८ मध्ये हा संबंध प्रसिद्ध झाला.

विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो. चुंबन हा त्याचा सर्वांत परिचित मार्ग असला, तरी उष्टा पेला किंवा एकाच बाटलीतून पाणी पिणे यांमुळेही संसर्ग होऊ शकतो. संसर्गानंतर लक्षणे दिसू लागायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे तो कुणाकडून आला हे रुग्णाला बहुधा सांगता येत नाही. बरे झाल्यावरही विषाणू लाळेत कित्येक महिने येत राहतो, आणि ज्यांना काहीच होत नाही अशा असंख्य लोकांच्या लाळेतही तो अधूनमधून असतो. म्हणून रुग्णाला वसतिगृहातून वेगळे काढण्यात अर्थ नसतो. भारतात बहुतेक मुलांना हा संसर्ग लहानपणीच होऊन जातो आणि त्या वयात तो साध्या सर्दीतापासारखा निघून जातो. ज्या मुलांना लहानपणी तो होत नाही, त्यांना पौगंडावस्थेत किंवा त्यानंतर तो झाल्यास आजार पूर्ण रूपात प्रकटतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या विद्यापीठांत तो डॉक्टरांच्या चटकन लक्षात येतो. आपल्याकडे मात्र १९-२० वर्षांच्या मुलाचा घसा धरला की आधी टॉन्सिल आणि ताप लांबला की डेंग्यू किंवा टायफॉइड मनात येतो.

लक्षणांमागचे कारण समजून घेतले की निदानाची पद्धतही स्पष्ट होते. विषाणू बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींत शिरतो. अशा बाधित पेशी नष्ट करण्यासाठी शरीर टी-लिम्फोसाइट प्रचंड संख्येने तयार करते. टॉन्सिल, मानेतल्या लसिकाग्रंथी, पाणथरी आणि यकृत यांत ही झुंज चालते, म्हणून हेच अवयव सुजतात. रक्ताच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली ज्या मोठ्या, वेड्यावाकड्या कडांच्या लिम्फोसाइट दिसतात, त्या बहुतांशी विषाणूने ग्रासलेल्या पेशी नसून त्यांच्यावर चालून गेलेल्या टी-पेशी असतात. आजाराचा बराचसा त्रास या प्रतिकारातून उद्भवतो, त्यामुळे विषाणू मारणाऱ्या औषधांनी रुग्णाला विशेष आराम पडत नाही.

पुण्यात वसतिगृहावर राहून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी, महाविद्यालयाच्या कबड्डी संघात खेळणारी १९ वर्षांची विद्यार्थिनी उदाहरणादाखल घेऊ. पहिले तीन-चार दिवस तिला कणकण, डोकेदुखी आणि अन्नावरची वासना उडणे एवढेच जाणवते. पाचव्या दिवशी घसा इतका दुखू लागतो की आवंढा गिळवत नाही. तपासणीत टॉन्सिल मोठ्या, पांढरट थराने माखलेल्या दिसतात, ताप १०२ अंश असतो. जिवाणूजन्य टॉन्सिलदाह समजून तिला अमॉक्सिसिलिन दिले जाते. स्ट्रेप्टोकॉकसमुळे झालेली घसादुखी योग्य प्रतिजैविकाने बहुधा दोन-तीन दिवसांत उतरू लागते. हिची दहाव्या दिवशीही तशीच असते, आवाज जड झालेला असतो, आणि खोलीतून मेसपर्यंत चालत गेले तरी परत येऊन आडवे व्हावे लागते. मग छाती-पाठीवर आणि हातांवर लालसर पुरळ उठते.

यातली दोन चिन्हे नीट पाहण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे गाठींची जागा. स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीत जबड्याखालच्या, मानेच्या पुढच्या भागातल्या गाठी दुखतात. ग्रंथिज्वरात मानेच्या मागच्या बाजूच्या, कानामागून खांद्याकडे उतरणाऱ्या गाठीही दोन्हीकडे सुजतात, आणि कधी काखेत व जांघेतही गाठी लागतात. दुसरे चिन्ह पुरळाचे. ग्रंथिज्वर असताना अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन घेतल्यास असे पुरळ उठू शकते. जुन्या नोंदींत ते जवळपास सर्वच रुग्णांत येते असे म्हटले होते, अलीकडच्या पाहण्यांत प्रमाण साधारण एक-तृतीयांश आढळते. बहुतेकांच्या बाबतीत ही पेनिसिलिनची कायमची ॲलर्जी नसते. तरी कागदोपत्री 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शेरा पडतो आणि पुढे गरज असताना हे औषध नाकारले जाते, म्हणून पुरळ कोणत्या आजारात उठले हेही नोंदवून ठेवायला हवे. सकाळी पापण्या सुजणे आणि टाळूवर बारीक लाल ठिपके येणे ही चिन्हे सर्वांत नसतात, पण असल्यास संशय बळावतो.

दहाव्या दिवशी केलेल्या सीबीसीत एकूण पांढऱ्या पेशी १४,०००, त्यांतल्या लिम्फोसाइट ६२ टक्के आणि प्लेटलेट १ लाख ३५ हजार निघतात. लिम्फोसाइट निम्म्याहून अधिक आणि त्यांत बदललेल्या, म्हणजे 'अटिपिकल' लिम्फोसाइट १० टक्क्यांहून अधिक असल्या, तर ग्रंथिज्वराची शक्यता बरीच वाढते. यंत्राने मोजलेल्या आकड्यांवर न थांबता पॅथॉलॉजिस्टकडून काचपट्टी पाहून घेणे म्हणूनच आवश्यक असते. यकृताच्या तपासणीत एसजीपीटी थोडे वाढलेले सापडणे नेहमीचे आहे, त्यावरून लगेच कावीळ झाली असे समजू नये.

यानंतर मोनोस्पॉट तपासणी. ग्रंथिज्वरात शरीर काही विशिष्ट प्रतिपिंडे बनवते, जी घोड्याच्या किंवा मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतात. त्यांवर ही झटपट तपासणी बेतलेली आहे. परंतु पहिल्या आठवड्यात सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत ती नकारात्मक येते, कारण प्रतिपिंडे अजून पुरेशी बनलेली नसतात. उदाहरणातल्या विद्यार्थिनीची ती सहाव्या दिवशी केली असती आणि 'निगेटिव्ह' आली असती, तर तेवढ्यावरून ग्रंथिज्वर नाकारणे चुकले असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा करावी, नाहीतर थेट विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे तपासावीत. त्यांत व्हीसीए आयजीएम सकारात्मक आणि ईबीएनए आयजीजी नकारात्मक असेल तर संसर्ग ताजा आहे. ईबीएनए आयजीजी संसर्गानंतर दीड-दोन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसू लागते, त्यामुळे ती सकारात्मक असेल तर संसर्ग जुना ठरतो आणि सध्याच्या आजाराचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. घशाच्या स्रावात स्ट्रेप्टोकॉकस सापडला म्हणजे ग्रंथिज्वर नाही, असेही मानता येत नाही. हा जिवाणू काही रुग्णांच्या घशात त्रास न देता राहत असतो.

महाराष्ट्रात याच वयात इतर काही आजार याच्याजवळ जातात. डेंग्यूतही बदललेल्या लिम्फोसाइट दिसतात आणि प्लेटलेट उतरतात. परंतु त्यात एकूण पांढऱ्या पेशी बहुधा घटतात, अंगदुखी तीव्र असते, आणि टॉन्सिलवर जाड थर व मानेत मोठ्या गाठी असे चित्र नसते. घटसर्पात घशातला पडदा करडा, घट्ट चिकटलेला असतो, तो टॉन्सिलबाहेर पसरतो आणि काढू गेल्यास रक्त येते. लसीकरण अपुरे असलेल्या मुलात हा संशय आला तर निदानाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सायटोमेगॅलो विषाणू व टॉक्सोप्लाझ्मा यांमुळे असाच ताप येतो, फक्त घशाची तक्रार सौम्य असते. एचआयव्हीच्या ताज्या संसर्गातही ताप, घसादुखी, गाठी व पुरळ येतात, म्हणून मोनोस्पॉट नकारात्मक असलेल्या तरुणाची एचआयव्ही तपासणी संकोच न करता करावी. एकाच बाजूला वाढत जाणारी, न दुखणारी, महिना उलटूनही न बसणारी गाठ असेल, तर क्षयरोग किंवा लिम्फोमा यांचा विचार करून सुईने नमुना घ्यावा लागतो.

उपचार मुख्यतः आराम, भरपूर द्रवपदार्थ आणि ताप-वेदनेसाठी पॅरासिटामॉल यांचाच असतो. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही. स्टेरॉइड सरसकट देऊ नयेत, टॉन्सिल इतक्या सुजल्या की श्वास अडतो अशा वेळी ती उपयोगी पडतात. पाणथरीची काळजी मात्र प्रत्येक रुग्णाने घ्यायची असते. सुमारे निम्म्या रुग्णांत ती वाढते आणि मऊ होते, आणि क्वचित, हजारात एक ते पाच जणांत, फाटते. असे बहुतेक पहिल्या तीन आठवड्यांत घडते, काही वेळा कोणताही मार न लागता. म्हणून लक्षणे सुरू झाल्यापासून किमान तीन ते चार आठवडे कबड्डी, कुस्ती, फुटबॉल आणि वजन उचलणे बंद ठेवावे. ताप गेला, भूक आली, म्हणून तिसऱ्याच आठवड्यात मॅटवर उतरण्याचा मोह खेळाडूंना होतो. त्याला प्रशिक्षकानेही बळी पडू नये. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र दुखणे, ती कळ डाव्या खांद्यात जाणे, चक्कर येणे किंवा अंग गार पडणे असे झाले तर तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

ताप साधारण दोन आठवड्यांत आणि घसा दहा-बारा दिवसांत सुधारतो. थकवा बहुतेकांचा महिना-दोन महिन्यांत जातो, तरी साधारण दहातल्या एकाला तो सहा महिन्यांनंतरही जाणवतो. अशा विद्यार्थ्याने सगळी तासिका-प्रात्यक्षिके एकदम सुरू न करता रोजचे काम हळूहळू वाढवावे, आणि महाविद्यालयाने वैद्यकीय दाखल्यावर हजेरीची सवलत देताना 'ताप तर गेला' हा निकष लावू नये. थकवा लांबला म्हणून एपस्टाइन-बारच्या आयजीजी तपासण्या पुन्हापुन्हा करण्याचा उपयोग नाही, कारण ती प्रतिपिंडे आयुष्यभर राहतात व थकव्याबद्दल काही सांगत नाहीत. त्याऐवजी हिमोग्लोबिन, थायरॉइड, व्हिटॅमिन बी-१२, झोप आणि मन:स्थिती यांकडे पाहावे, आणि वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल किंवा गाठी बसत नसतील, तर मूळ निदान पुन्हा तपासून घ्यावे.