चक्र फिरतं, पण बाजारामुळे नाही

परवा शेअर बाजारावरच्या एका चित्रफितीत विश्लेषक मोठ्या खात्रीने सांगत होते, "हे सेक्टर आता इम्प्रूव्हिंगमध्ये आलंय. पुढचं घर लीडिंगचं. चक्र तर फिरणारच!" मागे पडद्यावर चार रंगी चौकोन, त्यात ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यामागे धूमकेतूसारखी शेपटी. अमुक घरातून तमुक घरात प्रवेश, मग फळ ठरलेलं. साप्ताहिक राशिभविष्यात शनीच्या जागी बँकिंग सेक्टर घातल्यासारखं ते बोलणं वाटलं.

आलेख बिचारा चांगला आहे. त्याचं नाव रिलेटिव्ह रोटेशन ग्राफ, बोलण्यात आरआरजी. नेदरलंड्सचे विश्लेषक ज्युलियस डी केम्पेनार यांनी तो २००४-०५च्या सुमारास तयार केला आणि २०११मध्ये तो ब्लूमबर्ग या वित्तीय माहितीसेवेच्या टर्मिनलवर आला. सगळ्या सेक्टरांची एकमेकांच्या तुलनेत काय स्थिती आहे, हे एका चित्रात दिसतं. एकेक ठिपका म्हणजे एकेक सेक्टर, आणि शेपटी म्हणजे गेल्या काही आठवड्यांत तो ठिपका जिथून आला ती वाट. ठिपके घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसतात हेही खरं. पण ते तसे का फिरतात याचं उत्तर अर्थव्यवस्थेपेक्षा अंकगणितात जास्त आहे, आणि मला ते फार आवडतं.

सुरुवात एका साध्या भागाकाराने होते. सेक्टरचा निर्देशांक भागिले संपूर्ण बाजाराचा निर्देशांक, गुणिले शंभर. ही सापेक्ष ताकद, म्हणजे आरएस. समजा बाजार १००० वर आणि सेक्टर ५०० वर आहे, तर आरएस ५०. पुढे बाजार घसरून ९०० वर आला आणि सेक्टर ४७० वर. सेक्टरमध्ये पैसे घातलेल्याचे ६ टक्के गेले, पण आरएस ५०वरून ५२.२ वर चढला. या आलेखाला फक्त हा आरएस दिसतो, भाव दिसत नाही. त्यामुळे 'लीडिंग'मधलं सेक्टर हे नुसतं बाजारापेक्षा कमी घसरलेलं सेक्टरही असू शकतं.

आता अक्ष. आडव्या अक्षावर आरएस-रेशो: आरएस आपल्या नेहमीच्या पातळीच्या वर आहे की खाली. उभ्या अक्षावर आरएस-मोमेंटम: तो रेशो स्वतः वाढतोय की घटतोय. दोन्ही १०० भोवती बेतलेले असतात आणि १००-१०० या बिंदूत अक्ष एकमेकांना छेदतात. शाळेतल्या भूमितीतली चार चरणं आठवा. वर उजवीकडे हिरवं लीडिंग, त्याखाली पिवळं वीकनिंग, खाली डावीकडे लाल लॅगिंग, त्याच्या वर निळं इम्प्रूव्हिंग. केम्पेनार यांचं नेमकं सूत्र जाहीर नाही, म्हणून मी इथे एक गावठी आवृत्ती वापरतो. रेशो म्हणजे या आठवड्याचा आरएस भागिले शेवटच्या चार आठवड्यांची सरासरी, गुणिले १००. मोमेंटम म्हणजे या आठवड्याचा रेशो वजा मागच्या आठवड्याचा, अधिक १००. खऱ्या आलेखातली गुळगुळीत करण्याची पद्धत जास्त नाजूक आहे, पण आपला मुद्दा यानेही उघड होतो.

एका सेक्टरचे १४ आठवड्यांचे काल्पनिक आरएस घेऊ: ५०, ५०, ५०, ५०, ५१, ५३, ५४, ५४, ५३, ५१, ५०, ५०, ५०, ५०. म्हणजे एक टेकडी. चढ, माथा, उतार, मग सपाटी.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात ठिपका हिरव्यात आहे, त्यात काही नवल नाही. गंमत सातव्या आठवड्यात होते. आरएस ५३वरून ५४ झाला, म्हणजे आतापर्यंतचा उच्चांक. पण शेवटच्या चार आठवड्यांची सरासरीही ५१वरून ५२ वर आली. रेशो १०३.९२ होता तो १०३.८५ झाला, मोमेंटम ९९.९२. उच्चांकाच्या दिवशीच ठिपका पिवळ्यात! सेक्टर अजून बाजाराला मागे टाकतंय, पण पूर्वीइतक्या वेगाने नाही, म्हणून त्याला 'वीकनिंग'ची पाटी. आपल्या उदाहरणात पुढे खरंच घसरण आली, त्यामुळे पाटी शहाणी ठरली. आरएस ५४ नंतर पुन्हा उसळला असता, तर तीच पाटी मूर्ख ठरली असती. त्या आठवड्यात दोन्हींमध्ये फरक करता येत नाही.

नवव्या आठवड्यात ठिपका लाल चरणात उतरतो आणि अकराव्यापर्यंत तिथेच राहतो. मग येतो बारावा आठवडा. आरएस मागच्या आठवड्यात ५० होता, आजही ५० आहे. काडीचा फरक नाही. पण सरासरीतून जुना ५४ गळून पडला, ती ५२वरून ५१ वर आली. रेशो ९६.१५वरून ९८.०४ झाला, मोमेंटम १०१.८९. ठिपका निळ्यात, म्हणजे इम्प्रूव्हिंग. तेराव्या आठवड्यातही आरएस ५०च, रेशो ९९.५०, अजून निळ्यातच आणि केंद्राकडे सरकतोय. चौदाव्यात सरासरी ५० वर टेकली आणि रेशो बरोबर १००.

सेक्टर जागचं हललं नाही. सरासरीच खाली येऊन त्याला भेटली. आणि पडद्यावर मात्र लालमधून निळ्यात, निळ्यातून हिरव्याच्या उंबरठ्यापर्यंत अशी डौलदार शेपटी उमटली.

आता दिशेचं कोडं. झोपाळा घ्या. आडव्या अक्षावर झोपाळ्याची जागा मांडा आणि उभ्या अक्षावर त्याचा वेग, उजवीकडे जाणारा वेग धन. वेग धन असेल तेव्हा बिंदू आलेखाच्या वरच्या अर्ध्यात असतो, आणि धन वेग म्हणजेच उजवीकडे सरकणं. वेग ऋण असला की बिंदू खालच्या अर्ध्यात आणि डावीकडे सरकणारा. वरून उजवीकडे, खालून डावीकडे: घड्याळाची दिशा झाली की! झोपाळ्याला उलटा नकाशा काढायला सांगितला तरी त्याला जमणार नाही. आरआरजीतही उभा अक्ष हा आडव्या अक्षाच्याच बदलाचं माप आहे. त्यामुळे कोणत्याही सेक्टरचा, कोणत्याही देशातला, कोणत्याही काळातला ठिपका याच दिशेने वळणार. खऱ्या आलेखात मोमेंटमही सरासरीने गुळगुळीत केलेला असतो, म्हणून अधूनमधून उलटा हिसका दिसतो, इतकंच.

विश्वास बसत नसेल तर नाणेफेकीचा सेक्टर बनवून बघा. स्प्रेडशीटमध्ये चार ओळी पुरतात:

```
A1: 50
A2: =A1+IF(RAND()<0.5,-0.5,0.5)
B4: =100*A4/AVERAGE(A1:A4)
C5: =100+B5-B4
```

ही सूत्रं दोनशे ओळींपर्यंत खाली ओढा आणि पाचव्या ओळीपासूनच्या B व C स्तंभांचा स्कॅटर आलेख रेषांनी जोडून काढा. उभ्या अक्षावर १००च्या वर असलेला एकही ठिपका डावीकडे सरकून तिथे आलेला सापडणार नाही. रेषा वेड्यावाकड्या असतील. चारऐवजी दहा आठवड्यांची सरासरी घेतली आणि मोमेंटमही तीन-चार आठवड्यांच्या अंतराने मोजला, की वळणं चांगली गोलसर व्हायला लागतात. F9 दाबा, नवं नाणं, नवं 'चक्र'. मी हा खेळ करत बसलो तेव्हा दोन-तीनदा तर असं सुरेख वर्तुळ आलं, की त्यावर आत्मविश्वासाने तासभर बोलता आलं असतं.

यात नवं काही नाही. सोव्हिएत संख्याशास्त्रज्ञ येवगेनी स्लुत्स्की यांनी १९२७मध्ये लॉटरीच्या सोडतीतले आकडे घेतले आणि दहा-दहा आकड्यांची सरकती बेरीज करत गेले. निव्वळ योगायोगाच्या आकड्यांतून अशा लाटा उठल्या, की इंग्लंडच्या एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारचक्राच्या आलेखाशेजारी त्या शोभून दिसल्या. सरासरी काढणं म्हणजे लाटा तयार करणं, हे तेव्हापासून माहीत आहे.

मग आलेख टाकाऊ का? नाही. फिरणं गृहीत आहे, त्यामुळे माहिती असते ती न फिरण्यात. समजा एखाद्या सेक्टरचा आरएस दर आठवड्याला एक टक्का या ठाम गतीने वाढतोय. आपल्या सूत्राने त्याचा रेशो १०१.५ वर स्थिर राहील आणि मोमेंटम बरोबर १००. म्हणजे सातत्याने पुढे धावणारं सेक्टर आलेखावर उजवीकडे, मधल्या रेषेवर, ठिय्या देऊन बसलेलं दिसेल. शेपटी जवळजवळ नाहीच. लांबलचक शेपट्यांवर डोळा ठेवणाऱ्याला ते दिसणारही नाही. तीच वाढ अर्ध्या टक्क्यावर आली, की ठिपका पिवळ्यात उतरतो, पुढे १००.७५च्या आसपास पुन्हा मधल्या रेषेवर येऊन थांबतो. लाल-निळ्याचं तोंडही न बघता उजव्याच बाजूला घुटमळणारा ठिपका ही या आलेखातली सगळ्यात किमती खूण, असं माझं मत. त्याउलट केंद्राला चिकटलेले ठिपके किरकोळ हालचालीनेही घर बदलतात. त्यांच्या 'प्रवेशा'ला मी काही किंमत देत नाही.

आणि निळ्यातला ठिपका खरा की आपल्या बाराव्या आठवड्यासारखा, हे ओळखायला आलेखाच्या बाहेर यावं लागतं. आरएसची साधी रेषा शेजारी उघडायची. ती तळातून उठून मागच्या उंचवट्याच्या वर गेली आहे, की नुसती पडायची थांबली आहे? आरआरजीवर दोन्हींचं चित्र सुरुवातीला सारखंच दिसतं, रेषेवर मात्र लपत नाही.

त्या चित्रफितीतल्या सेक्टरची रेषा मी काढून पाहिली. मोठी घसरण, आणि तिच्यापुढे सात आठवडे सुतासारखी आडवी ओळ. विश्लेषकांच्या पडद्यावर त्याच सात आठवड्यांची शेपटी लाल घरातून वर, निळ्यात, हिरव्याच्या दाराशी.